मुखजालाचे गणित: एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचे रूप

कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाच्या तोंडावळ्यावर दुसऱ्याच कोणाची मुद्रा चढावी, आणि ती उसनी मुद्रा त्याच्याबरोबर हसावी, बोलावी, मान वळवावी, हा देखावा संगणकाच्या पडद्यावर आता इतका नित्याचा झाला आहे की, तो घडतो कसा असा प्रश्नही सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक त्याची बहुतेक सर्व घडण साध्या ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टच्या मोजक्या ओळींत करता येते, आणि तिच्या मुळाशी एकच कल्पना आहे: चेहऱ्यावरील प्रत्येक स्थानाला कायमचा क्रमांक द्यावा, आणि कोणताही चेहरा समोर आला तरी तो क्रमांक त्याच स्थानाला लागू व्हावा. ही एक तजवीज पक्की झाली की उरलेले सारे काम शालेय भूमितीच्या हद्दीत येते.

या कल्पनेचे पूर्वज शोधू गेल्यास अमेरिकेतील युटा विद्यापीठापर्यंत जावे लागते. तेथे १९७१ साली आँरी गूरो या संशोधकाने आपली पत्नी सिल्वी हिच्या चेहऱ्यावर प्रत्यक्ष रेषा आखून त्याचे लहान लहान बहुभुज पाडले, छायाचित्रांवरून त्यांच्या कोपऱ्यांची स्थाने मोजली आणि ती संगणकात उतरवून एक मानवी मुखाकृती साकारली. पुढे १९७४ साली त्याच विद्यापीठात एडविन कॅटमल याने आपल्या प्रबंधात अशा पृष्ठभागावर सपाट चित्र कसे चढवावे याची रीत मांडली; तिलाच आज टेक्स्चर मॅपिंग म्हणतात. पहिल्याने आकृती दिली, दुसऱ्याने तिच्यावर चढवायचे चित्र दिले, आणि चेहऱ्यांची अदलाबदल या दोहोंच्या संयोगातून होते.

गूरोला जे हाताने मोजावे लागले, ते काम आज प्रशिक्षित न्यूरल नेटवर्क करते. गूगलच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेले आणि मीडियापाइप या संचात मिळणारे मुखजाल एका साध्या चित्रावरून चेहऱ्यावरील ४६८ बिंदूंची स्थाने सांगते. १ हा क्रमांक नाकाच्या शेंड्याचा, १५२ हनुवटीचा, १० कपाळाच्या वरच्या कडेचा, ३३ उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याचा आणि २६३ डाव्या डोळ्याच्या तशाच कोपऱ्याचा. आणि हे क्रमांक बालकाच्या, वृद्धाच्या, दाढीवाल्याच्या अशा कोणाच्याही चेहऱ्यावर बदलत नाहीत. प्रत्येक बिंदूबरोबर तीन संख्या येतात. पहिल्या दोन म्हणजे चित्राच्या रुंदीचा आणि उंचीचा अंश, सामान्यतः ० आणि १ यांच्या दरम्यान. तिसरी संख्या सापेक्ष खोली सांगते आणि बिंदू कॅमेऱ्याच्या जितका जवळ तितकी ती लहान असते.

सुटे बिंदू काही झाकू शकत नाहीत. त्यांना जोडून त्रिकोण पाडावे लागतात, आणि कोणते तीन क्रमांक मिळून एक त्रिकोण होतो याची यादीही एकदाच ठरलेली आहे. येथे एक सुंदर हिशेब आहे. जाळीत ४६८ बिंदू असून त्यांपैकी ३६ बाहेरच्या कडेवर आहेत. छिद्रे नसलेल्या अशा जाळीत त्रिकोण किती पडावेत, हे ऑयलरच्या सूत्रावरून निघते: बिंदूंच्या दुपटीतून २ वजा करावे आणि कडेवरील बिंदू वजा करावे, म्हणजे ९३६ − २ − ३६ = ८९८. परंतु मीडियापाइपच्या जोडण्यांच्या यादीत २५५६ रेषा आहेत, आणि तीन तीन रेषांचा एक त्रिकोण धरल्यास संख्या भरते ८५२. मग ४६ त्रिकोण गेले कोठे? प्रत्येक डोळ्याच्या कडेला १६ बिंदू असल्याने तो बुजविण्यास १४ त्रिकोण लागतात; ओठांच्या आतील कडेला २० बिंदू असल्याने तेथे १८ लागतात; आणि १४, १४ व १८ यांची बेरीज बरोबर ४६ होते. म्हणजे ८५२ त्रिकोणांच्या जाळीत डोळे आणि तोंड ही तीन दारे मोकळी ठेवलेली आहेत.

या तपशिलाचा परिणाम पडद्यावर तत्काळ दिसतो. ८९८ त्रिकोण वापरले आणि छायाचित्रातील माणसाने ओठ मिटलेले असले, तर समोरच्या माणसाने तोंड उघडताच मिटलेल्या ओठांमधली एक बारीक काळसर रेघ ताणली जाऊन दातांच्या जागी पसरते. ८५२ वापरले तर त्या दारांतून जिवंत माणसाचे स्वतःचे दात, जीभ आणि डोळ्यांची हालचाल दिसत राहते, आणि भ्रम अधिक टिकतो.

आता मुख्य क्रियेकडे वळू. ज्याचा चेहरा उसना घ्यायचा त्याच्या छायाचित्रावर एकदाच जाळी बसवून घ्यावी. कॅमेऱ्यातून येणाऱ्या प्रत्येक चित्रावर ती पुनःपुन्हा बसवावी. नंतर छायाचित्रातील प्रत्येक त्रिकोण उचलून त्याच तीन क्रमांकांच्या जिवंत त्रिकोणात बसवावा. एक त्रिकोण उदाहरणादाखल घेऊ. छायाचित्रात त्याचे कोपरे (१००, १००), (१४०, १००) आणि (१००, १५०) या पिक्सेलांवर आहेत, आणि कॅमेऱ्याच्या चित्रात तेच कोपरे (३००, २२०), (३२०, २२४) आणि (२९६, २५०) येथे आले आहेत. पहिल्या त्रिकोणात उजवीकडे ४० पिक्सेल गेले असता दुसऱ्यात आपण २० उजवीकडे आणि ४ खाली जातो. म्हणून उजवीकडील एका पिक्सेलाचे मोल ०.५ आणि ०.१ ठरते. खाली ५० गेले असता दुसऱ्यात ४ डावीकडे आणि ३० खाली जातो. म्हणून खालच्या एका पिक्सेलाचे मोल −०.०८ आणि ०.६. पहिला कोपरा नेमका जागेवर पडावा यासाठी शेवटी २५८ आणि १५० मिळवावे लागतात. या सहा संख्या हाती आल्या की ब्राउझरचा कॅनव्हास हुकमाबरहुकूम काम करतो:

```js
ctx.save();
ctx.beginPath();
ctx.moveTo(300, 220);
ctx.lineTo(320, 224);
ctx.lineTo(296, 250);
ctx.closePath();
ctx.clip();
ctx.setTransform(0.5, 0.1, -0.08, 0.6, 258, 150);
ctx.drawImage(photo, 0, 0);
ctx.restore();
```

ताळा पाहावयाचा तर छायाचित्रातील (१२०, १२०) हा बिंदू घ्यावा. तो तीन कोपऱ्यांपासून ०.१, ०.५ आणि ०.४ अशा भारांनी बनलेला आहे. तेच भार नव्या कोपऱ्यांना लावले असता (३०८.४, २३४) हे स्थान येते, आणि वरच्या सहा संख्यांनीही तेच येते. कोपऱ्यांचे भार देऊन बिंदू सांगण्याची ही पद्धत जर्मन गणितज्ञ मोबियस याने १८२७ साली मांडली होती. टेक्स्चर मॅपिंगचे सारे मर्म तिच्यात आहे: कोपरे कितीही हलोत, आतल्या बिंदूचे भार कायम राहतात.

कॅनव्हासच्या या रीतीत एक दोष मात्र राहतो. शेजारच्या दोन त्रिकोणांच्या कडा स्वतंत्रपणे मृदू केल्या जात असल्याने त्यांच्यामध्ये केसाएवढी फट उरते, आणि चेहरा गोधडीसारखा शिवणींसह दिसू लागतो. प्रत्येक त्रिकोण जवळपास पिक्सेलभर फुगवून काढणे हा तात्पुरता उपाय होय. खरा उपाय म्हणजे हे काम वेबजीएलच्या द्वारे ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपविणे. तेथे प्रत्येक बिंदूसाठी फक्त दोन नोंदी द्याव्या लागतात: चित्र कोठून घ्यावे आणि ते कोठे टाकावे.

```js
for (let i = 0; i < 468; i++) {
  uv[2 * i]      = photoPts[i].x;
  uv[2 * i + 1]  = photoPts[i].y;
  pos[2 * i]     = 2 * livePts[i].x - 1;
  pos[2 * i + 1] = 1 - 2 * livePts[i].y;
}
```

शेवटच्या दोन ओळींतील गुणाकार आणि वजाबाकी याकरिता की, वेबजीएलचा पडदा −१ पासून १ पर्यंत मोजला जातो आणि त्याची उभी दिशा खालून वर वाढते, तर छायाचित्राची वरून खाली. ही उलटापालट दोनदा झाली किंवा मुळीच झाली नाही, तर सगळी आकृती विस्कटते. म्हणून पहिली चाचणी नेहमी एकच घ्यावी: कॅमेऱ्यातील चित्र हेच छायाचित्र मानून माणसाचा चेहरा त्याच्याच चेहऱ्यावर चढवावा. सर्व काही बिनचूक असेल तर पडद्यावर तिळमात्र फरक दिसणार नाही. आणि कपाळाच्या जागी हनुवटी आलीच, तर दोष कोठे आहे हे विचारावे लागणार नाही.

यानंतर कडेचा प्रश्न येतो. दोन माणसांच्या त्वचेचा वर्ण आणि दोन खोल्यांतील प्रकाश सारखा नसतो, त्यामुळे मुखवट्याची कड उठून दिसते. कडेवरील ३६ बिंदूंना पूर्ण पारदर्शकता आणि बाकीच्या सर्वांना पूर्ण अपारदर्शकता दिली, तर ग्राफिक्स प्रोसेसर मधली पायरी त्याच भारांच्या नियमाने स्वतःच भरतो आणि त्रिकोणांच्या बाहेरच्या रांगेत एक चेहरा दुसऱ्यात विरून जातो. वर्ण जुळविण्यासाठी दोन्ही चेहऱ्यांच्या रंगांची सरासरी आणि तिच्याभोवतीचा फैलाव जुळवून घ्यावा. मात्र छायाचित्रात डावीकडून पडलेली सावली अशा बेरीज-वजाबाकीने हटत नाही. ती उसन्या चेह‍ऱ्याबरोबर जशीच्या तशी येते.

मान वळली की या पद्धतीची हद्द दिसू लागते. आपल्या उदाहरणातील त्रिकोणाचे क्षेत्रफळ १००० चौरस पिक्सेलांवरून ३०८ वर आले. येथे चित्र आकसत असल्याने बिघडण्यासारखे फारसे नव्हते. परंतु समोरून काढलेल्या छायाचित्रात कानाजवळचा गाल चिंचोळ्या त्रिकोणांत दाटलेला असतो, आणि जिवंत माणसाने मान वळविताच तोच गाल कॅमेऱ्यासमोर रुंदावतो. मग मूठभर पिक्सेल मोठ्या जागेवर ताणले जाऊन ओघळल्यासारख्या रेघा उमटतात. पलीकडच्या बाजूस काही त्रिकोण पाठमोरे होतात. त्यांच्या क्षेत्रफळाचे चिन्ह उलटते, आणि त्या खुणेवरून ते गाळावे लागतात. तोंडासमोर हात आला तर जाळीला त्याची दखल नसते, आणि उसना चेहरा बोटांवरूनही रंगविला जातो.

या सगळ्यातून एक निर्णय हाती येतो. त्रिकोणांची स्थाने जिवंत माणसाची आणि त्यांच्यावरचे चित्र छायाचित्रातील माणसाचे, अशी ही वाटणी असल्याने डोळ्यांमधले अंतर, नाकाची लांबी, जबड्याची रुंदी ही सर्व मूळ माणसाचीच राहतात; बदलतो तो वर्ण, भुवया, दाढी-मिशा, तीळ आणि सुरकुत्या एवढाच मुलूख. म्हणून ज्यांच्या मुखाची ठेवण मुळातच जुळते, अशा दोघांमध्येच ही अदलाबदल विश्वसनीय वाटते. ज्याला हा प्रयोग करावयाचा असेल, त्याने संबंधिताची अनुमती घेऊन, समोरून, सम प्रकाशात, ओठ सहज मिटलेले आणि कपाळ मोकळे असे छायाचित्र आधी निवडावे; तेथे राहिलेली उणीव पुढची कोणतीही ओळ भरून काढीत नाही.