जुने क्लेम, आजच्या भावात

भारतातल्या बहुतेक विमा कंपन्यांचे पुनर्विम्याचे करार, म्हणजे ट्रीटी, 1 एप्रिलला नव्याने सुरू होतात. एकेका पॉलिसीसाठी वेगळा सौदा न करता त्या शाखेचा वर्षभराचा ठरलेला धंदा एकाच कराराखाली येतो, म्हणून त्याला ट्रीटी म्हणतात. मुंबईची जीआयसी री आणि भारतात शाखा असलेले परदेशी पुनर्विमेदार त्यात आपापला हिस्सा उचलतात. त्यासाठी विमा कंपनीला ब्रोकरमार्फत साधारण जानेवारीत एक फाईल पाठवावी लागते. तिला सबमिशन म्हणतात. मोठ्या कंपनीचे नाव आणि आकडे बाजाराला पाठ असतात. छोट्या कंपनीबद्दल पुनर्विमेदाराला जे कळते, ते बहुतांशी या फाईलमधूनच.

समजा, एका छोट्या कंपनीच्या आगविम्याची ट्रीटी अशी आहे: प्रत्येक नुकसानीतले पहिले 1 कोटी कंपनीचे, त्यावरचे 4 कोटींपर्यंत पुनर्विमेदाराचे. गेल्या पाच वर्षांत 1 कोटीच्या वर गेलेले क्लेम दोनच. तीन वर्षांपूर्वीचा 2.20 कोटींचा आणि दोन वर्षांपूर्वीचा 1.60 कोटींचा. पुनर्विमेदाराच्या वाट्याला 1.20 आणि 0.60, मिळून 1.80 कोटी आले. पाच वर्षांचा प्रीमियम 150 कोटी असेल, तर हे प्रमाण 1.2 टक्के पडते. कंपनीला हा आकडा आवडतो. पुनर्विमेदार तो तसाच धरत नाही.

कारण तीन वर्षांपूर्वी जळलेले गोदाम आज त्याच पैशांत उभे राहत नाही. वर्षाला 8 टक्के महागाई धरली, तर 2.20 कोटींचा क्लेम आजच्या भावात सुमारे 2.77 कोटी होतो आणि 1.60 चा 1.87. पहिला 1 कोटी मात्र जिथल्या तिथे राहतो, त्यामुळे महागाईचा सगळा भार वरच्या थरावर, पुनर्विमेदारावर पडतो. पाच वर्षांपूर्वीचा 90 लाखांचा एक क्लेम तेव्हा पूर्णपणे कंपनीने सोसला होता. आजच्या भावात तो 1.32 कोटींवर जातो आणि त्यातले 32 लाख पुनर्विमेदाराच्या अंगावर येतात. म्हणूनच यादीत केवळ 1 कोटीवरचे क्लेम देऊन भागत नाही. त्याच्या निम्म्यापासूनचे, म्हणजे 50 लाखांवरचे सगळे मागितले जातात. नव्या हिशेबात पुनर्विमेदाराचा वाटा 2.96 कोटी होतो. प्रीमियमही आजच्या दराने आणि आजच्या विमा रकमांवर मोजावा लागतो. तो समजा 160 कोटी निघाला, तर प्रमाण 1.85 टक्के. ही झाली नुसती नुकसानीची किंमत. खर्च, नफा आणि अनिश्चिततेचा भार त्यावर चढतो.

क्लेमच्या यादीत दिलेली रक्कम आणि अजून द्यायची रक्कम वेगवेगळी दाखवायची असते. गेल्या वर्षीची फाईल पुनर्विमेदाराने जपून ठेवलेली असते. तेव्हा 90 लाखांचा दाखवलेला क्लेम यंदा 1.60 कोटींचा झाला असेल, तर तो सर्व्हेयरचा अहवाल मागतोच, शिवाय उरलेल्या प्रलंबित क्लेमच्या तरतुदींवरही शंका घेतो. अशी तफावत आधीच समजावून सांगितलेली बरी.

सर्वांत जास्त वाटाघाट होते ती धंद्यात झालेल्या बदलांवर. आपल्या कंपनीचा आगविमा आजवर दुकाने आणि छोट्या कार्यालयांचा होता. दोन वर्षांपासून तिने भिवंडीतली गोदामे घेतली. आता पाच वर्षांचा इतिहास अर्धवटच बोलतो, कारण त्यातली बहुतेक वर्षे दुकानांची आहेत. म्हणून विमा रकमेच्या टप्प्यांनुसार पॉलिसींची संख्या आणि प्रीमियम यांचा तक्ता, म्हणजे रिस्क प्रोफाईल, पाहिला जातो. 5 कोटींच्या वरच्या पॉलिसी आता बऱ्याच दिसत असतील, तर 5 कोटींवर संपणारा करार अपुरा पडू शकतो. त्याहून नाजूक प्रश्न एकाच छपराखालच्या तीन भाडेकरूंचा. तिघांच्या पॉलिसी वेगळ्या, पण आग एकच. ती एक जोखीम धरायची की तीन, हे करारातल्या व्याख्येत स्पष्ट हवे. एक धरली तर कंपनीला 1 कोटी एकदाच सोसावे लागतात, पण पुनर्विमेदाराचे 4 कोटीही तिघांत मिळून एकदाच मिळतात. तीन धरल्या तर दोन्ही आकडे तीनदा लागू होतात.

धंदा सोडल्याचाही दाखला द्यावा लागतो. कापसाच्या जिनिंग मिलचा विमा बंद केला, तर त्या क्लेमना इतिहासातून वगळण्याची विनंती करता येते. पण काही कंपन्या क्लेम वगळतात आणि त्यांचा प्रीमियम मात्र हिशेबात ठेवतात. ही लबाडी अनुभवी ब्रोकर पहिल्याच वाचनात पकडतो.

फाईलमधले क्लेम बहुधा 31 डिसेंबरपर्यंतचे असतात. जानेवारीपासून सही होईपर्यंत मोठी आग लागली, तर तीही कळवावी लागते. पुनर्विमा परम विश्वासावर चालतो, आणि महत्त्वाची माहिती दडवल्याचे सिद्ध झाले तर पुनर्विमेदार करारच नाकारू शकतो.