पासपोर्ट साइझ फोटो आणि अमेरिकेचा चौकोन

फोटो स्टुडिओत जाऊन ‘पासपोर्ट साइझ’ म्हटलं, की बहुतेक ठिकाणी ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच फोटो हातात पडतो. युरोपातल्या शेंगेन व्हिसालाही हेच माप लागतं. अमेरिकेच्या व्हिसाला मात्र दोन इंच बाय दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटरचा चौरस हवा असतो. मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले आईवडील घरातलाच फोटो स्कॅन करतात, वरखाली कापून चौकोनी करतात आणि तिथेच अडकतात.

कारण साधं आहे. शेंगेनच्या फोटोत हनुवटीपासून माथ्यापर्यंतचं डोकं साधारण ३२ ते ३६ मिलिमीटर असतं. असा फोटो कापून ३५ बाय ३५ केला, तर ३२ मिलिमीटरचं डोकंसुद्धा चौकोनाची ९१ टक्के उंची व्यापतं. अमेरिकेच्या नियमात डोकं ५० ते ६९ टक्क्यांच्या मध्ये बसायला हवं. कापलेली जागा परत जोडता येत नाही, म्हणून अशा फोटोवर इलाज नाही. सुरुवातीलाच चेहऱ्याभोवती भरपूर मोकळी जागा ठेवून फोटो काढलेला बरा.

छापील फोटो तपासायला शाळेतली पट्टी पुरते. केसांसकट माथ्यापासून हनुवटीपर्यंत मोजल्यावर २५ ते ३५ मिलिमीटर भरले पाहिजेत. फोटोच्या खालच्या कडेपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर २८ ते ३५ मिलिमीटर असावं. डोळ्यांची ही अट बरेच जण विसरतात. डोकं योग्य मापाचं असूनही चौकोनात फार खाली बसलेलं असलं, तर फोटो नियमात बसत नाही.

व्हिसाच्या DS-160 अर्जाला जोडायच्या फोटोत हेच गणित पिक्सेलमध्ये करायचं. समजा, मोबाइलवर काढलेला फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा आहे. संगणकावर Paint मध्ये तो उघडून कर्सर फिरवला, की खाली आकडे दिसतात. त्यातला दुसरा आकडा वरच्या कडेपासूनचं अंतर सांगतो. माथा ९०० वर, डोळे १५४० वर, हनुवटी २१५० वर आली, तर डोकं १२५० पिक्सेल उंच झालं. चौरसाची बाजू २१०० घेतली, की डोकं जवळपास ६० टक्के होतं. वरची कड ७४२ वर धरली, तर खालची कड २८४२ वर येते आणि डोळे तळापासून १३०२ पिक्सेलवर, म्हणजे ६२ टक्के उंचीवर बसतात. इथे मर्यादा ५६ ते ६९ टक्के आहे, म्हणजे काम झालं. चेहरा आडव्या दिशेने मधोमध ठेवून हा चौरस कापायचा आणि ६०० ते १२०० पिक्सेलच्या बाजूपर्यंत लहान करायचा. फाइल JPEG असावी आणि २४० केबीच्या आत राहावी. लहान करताना रुंदी आणि उंची एकाच प्रमाणात बदलावी, नाहीतर चेहरा ताणला जातो.

सावलीचं दुखणं मात्र फोटो काढतानाच बरं करावं लागतं. माणूस भिंतीला टेकून उभा राहिला आणि समोरून फ्लॅश पडला, की कानामागे काळी कड उमटते. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभं राहिलं, की ती सावली खाली पडते आणि चौकटीबाहेर जाते. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली अंधार साचतो. त्यापेक्षा दिवसा खिडकीकडे तोंड करून बसावं. उजेड एकाच बाजूने येत असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरावी. मागची भिंत पांढरी किंवा मळकट पांढरी चालते, पण मग पांढरा सदरा किंवा पांढरी साडी टाळावी. खांद्यांची रेघ भिंतीत मिसळून जाते. हात लांब करून स्वतःच काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं आणि कान मागे दबतात, म्हणून फोटो दुसऱ्याने चार-पाच फुटांवरून काढावा. चष्मा काढूनच बसायचं. १ नोव्हेंबर २०१६ पासून तो चालत नाही.

स्टुडिओवाले प्रेमाने चेहरा उजळवतात, तीळ पुसतात, मागची सावली संगणकावर खोडतात. त्यांना आधीच थांबवावं. चेहऱ्यावर केलेलं रिटचिंग नियमात बसत नाही आणि खोडलेल्या पार्श्वभूमीची खूण केसांच्या कडेला राहते. फोटो दोनशे टक्के मोठा करून पाहिला, की तिथे केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात.

फोटो अपलोड झाला, म्हणजे तो मंजूर झाला असंही नाही. शेवटचा निर्णय दूतावासाचा असतो. अपलोडच फसलं, तर अर्जाच्या पुष्टिपत्रावर फोटोच्या जागी X छापून येतो. तसं झालं तर सहा महिन्यांच्या आतला ५१ मिलिमीटरचा छापील फोटो मुलाखतीला सोबत न्यावा लागतो.