फरक आला, कर वाढला: कलम ८९ तुमच्यासाठी आहे

शाळेत किंवा सरकारी कार्यालयात नोकरी करणाऱ्यांना ‘फरक’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वरिष्ठ वेतनश्रेणी मंजूर होते, पण प्रस्ताव दोन-तीन वर्षे टेबलाटेबलांवर फिरत राहतो. मग एके दिवशी वेतन पथकातून बिल पास होते आणि तीन वर्षांचा थकलेला पगार एकदम खात्यात जमा होतो. सातव्या वेतन आयोगाचेही तसेच झाले. तो १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला, राज्य कर्मचाऱ्यांच्या हाती प्रत्यक्ष वाढीव पगार २०१९ मध्ये पडला आणि मधल्या तीन वर्षांच्या थकबाकीचे पाच हप्ते पाडले गेले.

पैसे येतात तेव्हा घरात आनंद असतो. फॉर्म १६ हातात पडला की कपाळाला आठ्या पडतात, कारण मिळालेल्या वर्षाच्या पगारात हा सगळा फरक मिळवला जातो आणि त्यावर त्याच वर्षाच्या दराने कर बसतो. पगार वेळेवर दिला असता तर तो तीन वर्षांत विभागला गेला असता. उशीर केला कार्यालयाने आणि वरच्या टप्प्याचा कर भरायचा कर्मचाऱ्याने, हा अन्याय आहे. कायद्याने तो ओळखला आहे. प्राप्तिकर कायद्याचे कलम ८९ आणि नियम २१अ नेमके यासाठीच आहेत.

या सवलतीचे तत्त्व सरळ आहे. फरकामुळे यंदा किती कर वाढला ते काढायचे. तोच फरक ज्या त्या वर्षी मिळाला असता तर त्या वर्षांचा कर किती वाढला असता, तेही काढायचे. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा जितका मोठा, तितकी रक्कम यंदाच्या करातून वजा होते. जुनी विवरणपत्रे उघडायची नसतात की बदलायची नसतात. मागच्या वर्षांचा हिशेब फक्त कागदावर मांडायचा असतो.

एका माध्यमिक शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. २०२५-२६ मध्ये त्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे. प्रमाणित वजावट जाऊन, फरक सोडून, त्यांचे करपात्र उत्पन्न ११,४०,००० रुपये आहे. बारा लाखांच्या आत असल्याने कर शून्य. त्याच वर्षी त्यांना २,४०,००० रुपये फरक मिळाला आणि उत्पन्न १३,८०,००० वर गेले. बारा लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळे संपूर्ण सूट गेली. टप्प्यांप्रमाणे कर झाला ८७,०००, त्यावर चार टक्के उपकर धरून ९०,४८० रुपये. दोन लाख चाळीस हजारांतले नव्वद हजार करातच गेले!

हा फरक २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ या तीन वर्षांचा आहे, दर वर्षाचा ८०,००० रुपये. तिन्ही वर्षी बाईंनी जुन्या प्रणालीने विवरणपत्र भरले होते, म्हणून त्या वर्षांचा हिशेब जुन्याच दरांनी होईल. २०२२-२३ मध्ये त्यांचे करपात्र उत्पन्न ७,६०,००० होते आणि उपकरासह कर ६७,०८० होता. ऐंशी हजार मिळवून उत्पन्न ८,४०,००० होते आणि कर ८३,७२० होतो. म्हणजे त्या वर्षी १६,६४० रुपये जास्त भरावे लागले असते. पुढच्या दोन वर्षी उत्पन्न ८,१०,००० आणि ८,७०,००० होते. फरक मिळवूनही ते दहा लाखांच्या आत, वीस टक्क्यांच्याच टप्प्यात राहते, म्हणून तेव्हाही प्रत्येकी १६,६४० रुपयेच वाढतात. तीन वर्षांचे मिळून ४९,९२० झाले. यंदा वाढलेला कर ९०,४८०. सवलत ४०,५६० रुपये.

फरक करमुक्त होत नाही, हे यातून नीट दिसते. बाईंना ४९,९२० रुपये भरावेच लागतील, कारण पगार वेळेवर मिळाला असता तरी तेवढा कर द्यावा लागलाच असता. उशिरामुळे अंगावर आलेला बोजा तेवढा उतरतो. म्हणूनच कधीकधी सवलत शून्य येते आणि त्यात कोणी फसवलेले नसते. फरक धरूनही यंदा कर शून्यच असेल, तर सवलत मागायला काही उरत नाही. जुन्या प्रणालीतल्या पाच लाखांच्या उंबरठ्याकडेही लक्ष हवे. एखाद्या शिपायाचे मागच्या वर्षीचे करपात्र उत्पन्न ४,७०,००० असेल तर तेव्हा कर शून्य होता. त्यात ऐंशी हजार मिळवले की ५,५०,००० होतात, सूट जाते आणि कर एकदम २३,४०० होतो. अशा वर्षामुळे सवलत घटते किंवा नाहीशी होते. हिशेब उलटा आला म्हणून जादा कर मात्र कोणी मागत नाही.

हिशेबाला लागणारा सर्वांत महत्त्वाचा कागद कार्यालयाकडेच असतो, तो म्हणजे कोणत्या वर्षाचा किती फरक याचा तक्ता. खात्यात एकच आकडा जमा झालेला असतो, त्यावरून काहीच कळत नाही. फरकाचे बिल एप्रिल ते मार्च असे फोडून घ्यायला हवे. त्यासोबत त्या वर्षांच्या विवरणपत्रांतले करपात्र उत्पन्न लागते. अनेकजण इथे एकूण पगाराचा आकडा घालतात आणि हिशेब चुकतो.

मग incometax.gov.in वर लॉग-इन करून e-File, Income Tax Forms, File Income Tax Forms या वाटेने Form 10E उघडायचा. थकबाकीसाठी त्यातला Annexure I भरायचा. Assessment Year निवडताना बरेचजण चुकतात. फरक ज्या वर्षांचा आहे ते वर्ष इथे नको, तो ज्या वर्षी हाती आला त्याचे करनिर्धारण वर्ष हवे. आपल्या उदाहरणात २०२६-२७. मागची वर्षे आतल्या तक्त्यात येतात.

हा फॉर्म विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो. विवरणपत्रात कलम ८९ च्या रकान्यात ४०,५६० लिहिले आणि फॉर्म भरलाच नाही, तर प्रक्रिया केंद्र सवलत नाकारते आणि काही महिन्यांनी व्याजासकट मागणीची सूचना येते. हिशेब बरोबर असूनही केवळ या एका फॉर्ममुळे लोकांनी पैसे गमावावेत, याची खरोखर हळहळ वाटते. सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेल तर आधी फॉर्म भरून मग विवरणपत्र सुधारावे.

आणखी एक सोय अनेकांना माहीत नसते. सरकारी कर्मचारी, तसेच स्थानिक संस्था, विद्यापीठे, सहकारी संस्था आणि कंपन्यांतले नोकरदार फॉर्मचा तपशील पगार काढणाऱ्या कार्यालयाला देऊ शकतात. मग टीडीएस कापतानाच सवलत धरली जाते आणि परताव्याची वाट पाहावी लागत नाही. निवृत्तिवेतनाच्या आणि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीलाही ही सवलत आहे. नवी करप्रणाली घेतली म्हणून ती जात नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ती कलम १५७ म्हणून कायम आहे.

फरकाचे बिल पास झाल्याचे कळले, की त्याच आठवड्यात वर्षवार तक्त्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बिल काढणारा लिपिक बदलून गेला, की तोच तक्ता मिळवायला महिने लागतात.