रात्रीतून वाढलेलं वजन कशाचं?

समजा, एका बाईंनी आठवडाभर भात, पोळी आणि साखर जवळजवळ बंद ठेवली. शनिवारी सकाळी काटा ६८.२ किलो दाखवत होता. रात्री बाहेर जेवायला जायचं होतं म्हणून त्या दुपारी थोडंसंच जेवल्या. रात्री पावभाजी, तवा पुलाव, पापड, लोणचं आणि दोन जिलब्या झाल्या. रविवारी सकाळी काटा म्हणाला ६९.६. आठवडाभराच्या मेहनतीवर एका जेवणानं पाणी फिरवलं, असं वाटून त्यांनी दिवसभर उपास धरला.

आधी हे वाढलेलं १.४ किलो चरबी असू शकते का, ते पाहू. शरीरावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. म्हणजे १.४ किलोसाठी जवळपास ११ हजार. तो सगळा बेत बटरसकट धरला, तरी पंधराशे-सतराशेच्या फार पुढे जात नाही. शिवाय दुपारी हात आखडता घेतल्यामुळे दिवसाची बेरीज गरजेइतकीच राहिली असेल, तर चरबीत भर शून्य. दुपारी नेहमीसारखं जेवून वर हजार कॅलरी जास्त झाल्या असत्या, तरी चरबी फार तर सव्वाशे ग्रॅम वाढली असती.

मग बाकीचं काय? त्यातला मोठा भाग पाणी आहे, आणि ते दोन वेगवेगळ्या कारणांनी शरीरात थांबलं आहे.

पहिलं कारण मीठ. रक्तातलं सोडियमचं प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. जास्त मीठ आत आलं की ते प्रमाण किंचित वर जातं, तहान लागते, आणि मूत्रपिंडं लघवीवाटे जाणारं पाणी रोखून धरतात. किती पाणी, याचा अंदाज दवाखान्यातल्या सलाईनवरून येतो. तिचा खारटपणा शरीरातल्या द्रवाशी जुळवलेला असतो आणि तिच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. त्या हिशेबानं, नेहमीपेक्षा ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर जास्त मीठ बाहेर पडेपर्यंत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवतं. भाजी, पाव, पुलाव, पापड, लोणचं या सगळ्यांत मिळून एवढं मीठ सहज जातं. पावात तर ते चवीला जाणवतही नाही.

दुसरं कारण पाव, भात आणि जिलबी. यांतल्या पिष्टाची आणि साखरेची ग्लुकोज होते. लगेच न लागणारी ग्लुकोज यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ते मावतं, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. बाईंचा साठा आठवडाभरात बराच रिकामा झाला होता. त्यात १५० ग्रॅम परत भरलं, तर पाण्यासकट ६०० ग्रॅम वजन झालं. शिवाय असं जेवण झालं की इन्शुलिन वाढतं, आणि त्याच्या प्रभावाखाली मूत्रपिंडं मीठ आणखी थोडं राखून ठेवतात.

मिठामुळे ५००, ग्लायकोजेनमुळे ६००, आणि उशिरा जेवल्यामुळे अजून आतड्यातच असलेलं अन्न ३०० ग्रॅमच्या आसपास. १.४ किलोचा हिशेब लागला. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील. जो रोज भात-पोळी खातो त्याचा साठा आधीच बराचसा भरलेला असतो. त्याला एका जास्तीच्या भाताच्या वाढीनं काट्यावर फारसा फरक दिसणार नाही, मिठाचा मात्र दिसेल.

हीच गोष्ट उलटही घडते आणि ती जास्त फसवते. भात-पोळी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात झपाट्यानं उतरणारे दोन-एक किलो बहुतांशी ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचं पाणीच असतं. बाईंनी रविवारी केलेल्या उपासाचंही तसंच. सोमवारी काटा खाली येईल आणि श्रेय उपासाला जाईल. खरं तर नेहमीचं जेवून, नेहमीसारखं पाणी पिऊनही मूत्रपिंडांनी ते मीठ दोन-तीन दिवसांत बाहेर टाकलंच असतं. त्या दिवशी स्वतःला उपाशी ठेवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण शिक्षा होण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

पाणी की चरबी, हे ओळखता येतं. सकाळी अंगठी घट्ट वाटणं, डोळ्यांखाली सूज, मोज्याच्या कडेचा वळ उमटणं ही पाण्याची लक्षणं. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे काहीही खास न करता तीन-चार दिवसांत आकडा पूर्वपदावर येतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन घ्यावं आणि एका आठवड्याची सरासरी पुढच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. चरबीची चाल त्या सरासरीत दिसते. पाळीच्या आधीही पाणी साठतं, म्हणून बायकांनी महिन्यातल्या त्याच टप्प्याशी तुलना केलेली बरी.

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना मात्र हे सगळं लागू नाही. त्यांच्या शरीरातून हे पाणी आपोआप निघून जाईलच असं नसतं. दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढलं, पावलं सुजली, आडवं झाल्यावर दम लागला, तर त्यांनी आकडा उतरायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.