पोट दुखतंय, मग छातीचा फोटो कशाला?

कॅज्युअल्टीत पोट धरून कळवळणारा पेशंट येतो आणि डॉक्टर चिठ्ठीवर छातीचा एक्स-रे लिहितात, तोही उभ्याने किंवा बसवून. नातेवाईक वैतागतात. दुखणं एकीकडे आणि तपासणी भलतीकडे, असं त्यांना वाटतं. खरं तर डॉक्टरांना छाती बघायचीच नसते. त्यांना बघायची असते छातीच्या तळाशी असलेली घुमटाकार सीमारेषा, म्हणजे श्वासपटल, आणि त्याच्या खाली काय साठलंय ते.

एक नेहमी दिसणारा पेशंट घेऊ. पन्नाशीतला शेतमजूर. गुडघे दुखतात म्हणून कित्येक महिने मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेतोय, बहुतेक वेळा उपाशीपोटी, वर विडीची सवय. पहाटे बेंबीच्या वर एकदम कळ येते, इतकी अचानक की ती कधी सुरू झाली ते तो नेमकं सांगू शकतो. मूतखड्याचा पेशंट तडफडतो, कूस बदलत राहतो. हा मात्र निपचित पडून असतो, कारण हललं की जास्त दुखतं. पोट इतकं कडक की दाबलं तरी हात आत जात नाही. उजवा खांदाही दुखतो. खांद्याला काहीच झालेलं नसतं. श्वासपटल आणि खांदा यांच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांकडे जातात, म्हणून मेंदूची फसगत होते.

झालेलं असतं असं, की जठरानंतर लगेच लागणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात जुना अल्सर होता. तो पुढच्या बाजूने आरपार फुटला. त्या छिद्रातून आम्ल, पित्त, अन्न बाहेर आलं आणि सोबत हवाही.

हवा हलकी, ती वर जाते. माणूस ताठ बसला की वर म्हणजे श्वासपटलाच्या खाली. एरवी उजवीकडे श्वासपटल आणि यकृत एकमेकांना इतके चिकटून असतात की फोटोत दोन्ही मिळून एकच पांढरा भाग दिसतो. मध्ये हवा शिरली की श्वासपटल वेगळी, बारीक पांढरी रेघ म्हणून उठून दिसतं आणि तिच्याखाली काळी चंद्रकोर उमटते. फोटो नीट काढला तर एक-दोन मिलिलिटर हवासुद्धा पकडता येते. डावीकडे मात्र जठरात हवेचा फुगा असतोच, म्हणून अनुभवी नजर आधी उजवीकडे जाते.

इथे टेक्निशियनची घाई महागात पडते. पेशंटला बसवून पाच-दहा मिनिटं थांबायला हवं, म्हणजे हवेला वर सरकायला वेळ मिळतो. आडवं झोपवून काढलेल्या फोटोत तीच हवा पोटाच्या पुढच्या भिंतीखाली पसरते आणि नजरेतून सुटते. पेशंटला बसवतच नसेल तर त्याला डाव्या कुशीवर वळवून फोटो काढतात. मग हवा यकृताच्या बाजूला दिसते.

ही हवा स्वतः निरुपद्रवी असते, काही दिवसांत शोषली जाते. धोका आहे तो ती ज्या छिद्रातून आली त्याचा. आधी आम्लाने पोटाचं आतलं अस्तर भाजतं. काही तासांनी पोटात स्रवलेल्या पाण्याने आम्ल पातळ होतं आणि दुखणं थोडं उतरतं. घरचे म्हणतात, गॅसच होता. हाच सगळ्यात फसवा काळ. त्यानंतर जंतू वाढतात, पोट फुगतं, रक्तातलं पाणी पोटात झिरपत राहतं, रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते. जितका उशीर, तितकी जगण्याची शक्यता कमी.

चंद्रकोर दिसली नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. दहा छिद्रांपैकी साधारण दोन-तीन वेळा फोटो स्वच्छ येतो: छिद्र पोटातल्या चरबीच्या पडद्याने बुजलेलं असतं, किंवा अल्सर मागच्या बाजूला फुटलेला असतो. पोट कडक असेल तर डॉक्टर सीटी स्कॅन करतात. उलटही घडतं. नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्याच्या पोटात हवा असणारच. काहींचं मोठं आतडं यकृताच्या वर सरकून हवेचा आभास निर्माण करतं. त्या काळ्या भागात आतड्याच्या वळ्या दिसतात, त्यावरून ते ओळखता येतं. म्हणून फोटो पोटावर हात ठेवूनच वाचावा लागतो.

आपल्या पेशंटच्या फोटोत उजवीकडे चंद्रकोर स्पष्ट आहे. तोंडाने पाणीही बंद. नाकातून नळी घालून जठर रिकामं करतात, शिरेतून सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू होतात आणि त्याला ऑपरेशनला घेतात. छिद्र बहुतेकदा काही मिलिमीटरचंच असतं. त्यावर चरबीच्या पडद्याचा तुकडा टाक्यांनी बसवतात. टोरांटोचे सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी 1937 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही चालते. मग काही लिटर सलाइनने पोट धुऊन काढतात. बरा झाल्यावर अल्सरमागच्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी होते आणि गुडघ्यांसाठी दुसरा उपाय शोधावा लागतो, कारण त्या गोळ्या आता बंद.