नकाशा छापलात? आता पट्टी काढा!

मित्रांनो, वाडीहून अंबाझरी तलावाकडे भटकंतीला निघायचंय आणि नकाशा तुम्हीच केलाय. प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरचे ४ सेंमी म्हणजे जमिनीवरचा १ किमी. जाळी १ किमीची, उत्तरेचा बाण, आणि सूचीत फक्त नकाशात दिसणाऱ्याच खुणा. झालं?

थांबा! छापताना Fit to page राहिलं, तर नकाशा गुपचूप आक्रसतो. समजा, ९४ टक्के झाला. जाळीचा चौकोन पट्टीने मोजा: ४ऐवजी ३.७६ सेंमी भरेल. मग १२ सेंमीची वाट तुम्ही ३ किमी समजाल आणि चालाल जवळपास ३.२! Actual size निवडून पुन्हा छापा. नकाशावर प्रमाणपट्टीही काढाच. आकडा तसाच राहतो, पट्टी मात्र नकाशाबरोबर आक्रसते, म्हणून ती फसवत नाही.