डॅशबोर्ड दुकानाच्या कॉम्प्युटरवर चालला पाहिजे

छोट्या व्यापाऱ्याला एक्सेलमध्ये डॅशबोर्ड बनवून देणारे फ्रीलान्स डेटा ॲनालिस्ट आता जिल्ह्याच्या गावांतही भेटतात. मी तेच काम करते. डॅशबोर्ड म्हणजे धंद्यातले नेमके हवे ते आकडे एका पानावर मांडणारी फाइल. ती बनवायला लागतो त्यापेक्षा जास्त विचार ती सोपवायला लागतो, आणि नेमका तोच भाग घाईत उरकला जातो. फाइल ईमेलने पाठवली, पैसे मिळाले, काम संपलं. दोन महिन्यांनी ती फाइल कोणी उघडतही नाही, कारण एकदा आकडा चुकीचा निघाला आणि शेठचा त्यावरचा विश्वास उडाला.

उदाहरणादाखल इलेक्ट्रिक सामानाचा एक घाऊक व्यापारी घेऊ. हिशेब टॅलीत आहे, तो एक अकाउंटंट ताई सांभाळतात. शेठना दर शनिवारी एवढंच हवं आहे की, कोणाकडून किती येणं आहे आणि त्यातलं किती साठ दिवसांच्या पुढे गेलं आहे. टॅलीतून बाकी बिलांची यादी काढायची, एक्सेलच्या ‘डेटा’ शीटमध्ये पेस्ट करायची, की पुढचं गणित आपोआप व्हावं. सूत्र साधं आहे:

```
=SUMIFS(Bills[Pending],Bills[Party],$A5,Bills[Age],">60")
```

पार्टीचं नाव जुळतं आणि बिलाचं वय साठ दिवसांहून जास्त आहे, अशा सगळ्या बाकी रकमांची ही बेरीज. सूत्रात खोट नाही, तरी आकडा चुकू शकतो.

एका गिऱ्हाइकाची दोन बिलं बाकी होती. एक नव्वद दिवसांपूर्वीचं 80 हजारांचं, दुसरं वीस दिवसांपूर्वीचं 50 हजारांचं. त्याने बँकेतून 80 हजार भरले. टॅलीत जमा नोंदवताना ती रक्कम कोणत्या बिलापोटी आली हे निवडावं लागतं. त्यासाठी `Agst Ref` हा पर्याय असतो. घाईच्या दिवशी मात्र `On Account` निवडून पुढे जाणं सोपं असतं. तसं केलं की खात्यावरची बाकी बरोबर 50 हजार दिसते, पण बिलांच्या यादीत जुनं 80 हजारांचं बिल तसंच उभं राहतं. डॅशबोर्ड ते लाल रंगात दाखवतो. शेठ फोन करतात, समोरचा म्हणतो, “पैसे तर केव्हाच दिले.” इतक्या वर्षांच्या व्यवहारात कटुता येते ती अशा फोनमुळे.

म्हणून मी फाइलच्या माथ्यावर ताळ्याचा एक चौकोन ठेवते. बिलांच्या यादीची बेरीज एकीकडे, टॅलीतल्या सगळ्या देणेकरी खात्यांची एकूण बाकी दुसरीकडे:

```
=IF(ABS(B2-B3)<1,"जुळले","फरक आहे")
```

वरच्या प्रसंगात इथे नेमका 80 हजारांचा फरक दिसेल. ‘फरक आहे’ असं दिसत असताना एकाही गिऱ्हाइकाला फोन करायचा नाही, हा नियम शेठशी बोलूनच ठरवायचा. रंगीत आलेखांपेक्षा या एका चौकोनाचा उपयोग मला जास्त वाटतो.

दुसरा घोटाळा तारखांचा, आणि तो अधिक लपून राहतो. यादी CSV स्वरूपात काढली, तर तारखा उघडताना एक्सेल त्या कॉम्प्युटरच्या विंडोज सेटिंगप्रमाणे वाचतं. माझ्या लॅपटॉपवर भारतीय पद्धत असते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर कित्येकदा अमेरिकन पद्धत तशीच राहिलेली असते, म्हणजे आधी महिना, मग दिवस. मग 5 जूनचं बिल, 05/06, हे 6 मे होतं. 25 जूनला पाहिलं तर वीस दिवसांचं बिल पन्नास दिवसांचं दिसतं. 20 जून मात्र महिना म्हणून वाचताच येत नाही, त्यामुळे ती तारीख नुसता मजकूर बनून राहते. तिचं वय काढता येत नाही आणि SUMIFS ते बिल मुकाट्याने वगळतं. पडद्यावर कुठेही तक्रार उमटत नाही.

ओळखायची खूण आहे. खऱ्या तारखा चौकोनात उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसल्या की थांबायचं. शिवाय 12 जूनचं बिल 6 डिसेंबरचं होतं, म्हणून भविष्यातली तारीख असलेलं बिल सापडलं तर दाखवणारी आणखी एक तपासणी मी घालते. उपाय म्हणजे दुकानातल्या विंडोजमध्ये रीजन `English (India)` करणं आणि यादी नव्याने उघडून पेस्ट करणं. म्हणूनच सोपवण्याचं काम माझ्या घरून होत नाही, दुकानातल्या त्याच कॉम्प्युटरवर बसून करावं लागतं.

आता लिखित माहितीचं. चाळीस पानांची पुस्तिका कोणी उघडत नाही. फाइलमध्येच पहिली शीट ‘माहिती’ नावाची असावी, मराठीत. तिच्यात शनिवारी करायच्या गोष्टी त्याच क्रमाने, टॅलीतल्या बटणांच्या इंग्रजी नावांसह. त्याखाली प्रत्येक आकड्याचा अर्थ. बिलाचं वय बिलाच्या तारखेपासून मोजलं की उधारीची मुदत संपल्यापासून? येण्यातून परत आलेला माल वजा झाला आहे का? ही उत्तरं शेठनी द्यायची असतात, मी नाही. एकदा लिहून ठेवली की सहा महिन्यांनी वाद होत नाही. शेवटी ‘असं दिसलं तर असं करा’ म्हणून तीन-चार ओळी, त्यात वरचे दोन्ही घोटाळे.

शिकवण्याचा माझा नियम एकच, माउस ताईंच्या हातात. मी करून दाखवलं की मान डोलते, हात मात्र शिकत नाहीत. त्यांनी यादी स्वतः काढायची, पेस्ट करायची, ताळा पाहायचा. नंतर मी मुद्दाम एक जमा `On Account` केलेली जुनी यादी देते आणि फरक कुठून आला ते त्यांना शोधू देते. एकदा स्वतः शोधला की पुढे `Agst Ref` निवडायला कोणी सांगावं लागत नाही, कारण त्या क्लिकचा परिणाम शेठच्या फोनपर्यंत जातो हे त्यांनी पाहिलेलं असतं. पुढच्या शनिवारी ताई एकट्याच करतात, मी बाजूला गप्प बसते. त्या जिथे अडतात, तिथे ‘माहिती’ शीटमधलं वाक्य बदलायचं. ताई रजेवर गेल्या तर काम अडू नये, म्हणून दुकानातल्या आणखी एकाला तेव्हाच सोबत बसवलेलं बरं.

सूत्रांच्या शीटवर पासवर्ड टाकावा, पण तो चुकून होणारा बदल थांबवण्यापुरता. ठरवून उघडणाऱ्याला तो अडवत नाही, म्हणून ‘फाइल सुरक्षित आहे’ असं सांगू नये. तो पासवर्ड शेठना लेखी द्यावा. फाइल त्यांची आहे, उद्या दुसऱ्या कोणाकडून बदल करून घेण्याचा हक्कही त्यांचाच. काम संपल्यावर त्यांच्या गिऱ्हाइकांची यादी आपल्या लॅपटॉपवरून पुसून टाकावी आणि तसं कळवावं. किती दिवस फोनवर विनामूल्य मदत आणि नवा रकाना हवा असेल तर किती पैसे, हेही सुरुवातीच्या पत्रातच यावं.

तुम्ही दुकानदार असाल आणि असा डॅशबोर्ड करून घेत असाल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी एवढं करा. तुमच्या अकाउंटंटला तुमच्याच कॉम्प्युटरवर ताजी यादी काढून तुमच्यासमोर फाइल चालवायला सांगा, आणि कोणत्याही तीन गिऱ्हाइकांची बाकी टॅलीतल्या खातेउताऱ्याशी ताडून पाहा.